शोषखड्ड्यांना मत देण्याआधी: सोसायटीच्या सर्व सभासदांना खुले पत्र



जिन्याखालच्या फलकावर विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली आहे. विषय एकच आहे: गच्चीवरच्या पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी दोन शोषखड्डे, अंदाजे खर्च २,७०,००० रुपये. नोटिशीत एवढेच मावते. पण सभेत हात वर करण्याआधी पैसे कशाचे, पाणी किती आणि ते जाणार कुठे, हे प्रत्येकाला ठाऊक असावे, म्हणून सचिव या नात्याने हे पत्र लिहितो आहे. बावधनमध्ये आपल्यासारख्या बऱ्याच सोसायट्या याच विचारात आहेत. त्यांनाही या हिशेबाचा उपयोग व्हावा म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

नोटीस लागल्याच्या संध्याकाळीच पहिला आक्षेप आला: "गेटजवळ एक खड्डा आधीच आहे की! तो तरी कुठे चालतो?" आक्षेप अगदी रास्त आहे. म्हणून आधी तो खड्डा उघडला. लोखंडी झाकणाखाली चार फूट खोल टाकी निघाली, तीही विटांच्या तुकड्यांनी आणि सिमेंटच्या गोण्यांनी भरलेली. गच्चीवरून येणारा एकही पाइप तिला जोडलेला नाही. सगळे पाइप थेट पावसाळी गटारात जातात. कागदोपत्री पूर्तता व्हावी एवढ्यासाठीच तो खड्डा झाला असावा. पण तुकडे काढून पाइप जोडले असते तरी तो चालला नसता, आणि त्याचे कारण नव्या खड्ड्यांसाठी महत्त्वाचे आहे. आपल्या आवारात वरची चार फूट काळी माती आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. मग तिच्यातून पाणी जवळजवळ उतरतच नाही. जुन्या खड्ड्याचा तळ नेमका या मातीतच संपतो, त्यामुळे त्यात पाणी मुरले नसते, नुसते साठून राहिले असते. शोषखड्डा मातीखालच्या मुरुमापर्यंत पोचलाच पाहिजे, ही पहिली अट आपल्याला तिथे कळली.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्या दोन्ही विंगच्या गच्च्या मिळून ११०० चौरस मीटर भरतात. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस होतो. त्यातले काही पाणी गच्ची शोषते, काही उडून जाते, काही पहिल्या सरीत धूळ धुण्यात जाते. म्हणून शंभरातले ऐंशीच हाती लागतात असे धरायचे. हिशेब येतो ६,१६,००० लिटर. जोराच्या पावसात खड्ड्यात न मावणारे पाणीही वजा करायला हवे. म्हणून समितीने दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ४ लाख लिटर पाणी जमिनीत जाईल असे धरले आहे.

चार लाख लिटर हा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो. आपण मात्र ७२ सदनिकांत मिळून २६० च्या आसपास माणसे राहतो. माणशी १३५ लिटर या नेहमीच्या मापाने आपल्याला रोज ३५,००० लिटर पाणी लागते. म्हणजे सगळ्या पावसाळ्याची ही कमाई आपण साडेअकरा दिवसांत संपवू. 'खड्डे झाले की टँकर बंद' असे कुणी तुम्हाला सांगितले असेल, तर ते खरे नाही. समितीतल्या कुणी सांगितले असेल तरीही नाही.

मग हे पाणी टाकीत का साठवू नये, असे बी विंगमधल्या एका काकांनी विचारले. साठवता येईल, पण आपल्याला पाण्याची गरज एप्रिल-मेमध्ये असते आणि पाऊस पडतो जून ते सप्टेंबर. चार लाख लिटर सहा-सात महिने सांभाळायचे तर आत्ताच्या जमिनीखालच्या टाकीसारख्या कित्येक टाक्या लागतील. तेवढी जागाही नाही आणि तेवढे पैसेही नाहीत. पावसाळ्यात महापालिकेचे पाणी पुरेसे येते, त्यामुळे छोटी टाकी बांधली तर ती भरलेलीच राहील. म्हणून साठवण जमिनीखाली करायची.

मात्र जमिनीखाली म्हणजे नेमके कुठे? आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. वर माती, तिच्याखाली झिजलेला खडक म्हणजे मुरूम आणि त्याखाली कातळ. अखंड कातळात पाणी राहत नाही. ते मुरुमात, कातळाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यांत राहते. नदीकाठच्या वाळूत पाण्याला भरपूर जागा असते, आपल्या खडकात फार थोडी. भूजलाच्या हिशेबात अशा खडकासाठी साधारण दोन टक्के हे प्रमाण धरतात: शंभर लिटर मापाच्या खडकातून उपसून मिळणारे पाणी जेमतेम दोन लिटर.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही आपल्या कामाचे आहेत. थोड्या पाण्यानेही पातळी बरीच वर येते, हा पहिला. चार लाख लिटर पाणी सुमारे पाच एकर क्षेत्राखालची पातळी एक मीटरने उचलू शकते. दुसरा अर्थ असा, की आपला भूखंड जेमतेम एका एकराचा आहे. मुरवलेले पाणी कुंपणाच्या भिंतीपाशी थांबणार नाही; ते भेगांच्या वाटेने शेजारच्या सोसायटीच्या बोअरलाही मिळेल, काही उताराने रामनदीकडे जाईल. आपण जमिनीत घातलेले सगळे पाणी आपल्यालाच परत मिळेल असे समजू नका. समितीने निम्मे परत मिळेल असे धरले आहे. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. तो खरा ठरतो की नाही हे कसे तपासायचे, ते पुढे येईलच.

खड्ड्यांच्या जागा ठरवण्याआधी एप्रिलमध्ये दोन चाचण्या केल्या. पहिली बागेच्या कोपऱ्यात. तिथे नऊ फूट खोल चर खणला, चार फुटांखाली मुरूम लागला. चर पाण्याने भरून पातळी किती उतरते ते पट्टीने मोजले. मातीच्या थरात ती तासाला दोन सेंटिमीटरही उतरत नव्हती, मुरुमात चौदा सेंटिमीटर उतरत होती. या वेगाने दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि तीन मीटर खोल खड्डा तासाला साधारण १,५०० लिटर पाणी पिईल.

दुसरी चाचणी ए विंगमागच्या आटलेल्या बोअरमध्ये केली. ती २२० फूट खोल आणि सहा इंच व्यासाची आहे. एवढ्या नळीत काठोकाठ भरून फक्त १,२०० लिटर पाणी मावते. तिच्यात एक टँकर, म्हणजे १०,००० लिटर पाणी, दीड तासात सोडले. बोअर भरून वाहिली नाही. याचा अर्थ तिच्या पोटातल्या भेगा उघड्या आहेत आणि पाणी घेतात. पाणी देणे थांबलेली बोअर पाणी घ्यायला चांगली निघाली. मात्र ही चाचणी उन्हाळ्याची आहे. ऑगस्ट उजाडेपर्यंत मुरूम आणि भेगा आपोआपच बऱ्याच भरलेल्या असतात. तेव्हा हीच बोअर इतके पाणी घेणार नाही. आपल्या खडकाची ही मर्यादाच आहे, आणि म्हणूनच सहा लाखांऐवजी चार लाखांचा हिशेब धरला आहे.

त्यावरून आराखडा ठरला. एक खड्डा बागेच्या कोपऱ्यात, मुरुमापर्यंत. दुसरा आटलेल्या बोअरभोवती. गच्चीचे नऊही पाइप एकत्र आणून आधी गाळाच्या चेंबरमध्ये सोडायचे, तिथे पालापाचोळा जाळीला अडेल आणि माती तळाशी बसेल. तिथून पाणी खड्ड्यात. खड्ड्याच्या तळाशी मोठे गोटे, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू. हा क्रम उलटा करून चालत नाही. गाळ वरच्या वाळूत अडकला तर फावड्याने काढता येतो. तळाच्या गोट्यांत उतरला तर अख्खा खड्डा उपसावा लागतो. बोअरच्या खड्ड्यात नळीला चिरा पाडून भोवती जाळी गुंडाळायची, म्हणजे वाळूतून गाळलेलेच पाणी नळीत जाईल.

प्रत्येक पाइपच्या तळाशी एक बाजूचा व्हॉल्व्ह असेल. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी त्यातून बाहेर सोडायचे, कारण आठ महिन्यांची धूळ आणि कबुतरांची घाण त्यात असते. आणि एक नियम काटेकोरपणे पाळायचा: खड्ड्यांत फक्त गच्चीचे पाणी जाईल. पार्किंगमध्ये पडलेले पाणी नाही, गाड्या धुतलेले तर नाहीच. मुरुमातून जाणारे पाणी थोडेफार तरी गाळले जाते, पण बोअरमध्ये गेलेले पाणी सरळ भेगांत पोचते. तिथे तेल किंवा मैला पोचला तर तो काढता येत नाही, आणि तो आपल्यासकट शेजाऱ्यांच्याही पंपातून वर येईल. याच कारणाने दोन्ही खड्डे ड्रेनेजच्या चेंबरपासून, जमिनीखालच्या टाकीपासून आणि इमारतीच्या पायापासून लांब घेतले आहेत.

जोराच्या पावसाचेही बोलू. तासात २५ मिलिमीटर पाऊस झाला तर गच्च्यांवरून २२,००० लिटर पाणी उतरेल. दगड-वाळूने भरलेल्या दोन खड्ड्यांतल्या मोकळ्या जागेत साडेनऊ हजार लिटर मावेल. उन्हाळ्यातला वेग धरला तर तेवढ्या वेळात आणखी सात-साडेसात हजार लिटर मुरेल. उरलेले पाच हजार ओव्हरफ्लोच्या पाइपने आजच्यासारखेच पावसाळी गटारात जाईल. ते पकडायला मोठा खड्डा बांधता येईल, पण वर्षातून मोजक्याच वेळा येणाऱ्या सरींसाठी दीडपट खर्च करण्यात अर्थ नाही. ओव्हरफ्लो मात्र हवाच. तो नसेल तर तुंबलेले पाणी पार्किंगमध्ये पसरेल.

आता पैशांकडे येऊ. तीन दरपत्रके मागवली. त्यांतले सर्वांत कमी नव्हे, तर सर्वांत तपशीलवार असलेले समितीने निवडले आहे. त्याची फोड अशी:

दोन खड्डे, खोदाई, जाळीदार वीटबांधकाम, गोटे-खडी-वाळू आणि झाकणांसह: १,२४,००० रुपये
नऊ पाइपांची जोडणी आणि चेंबर: ७०,००० रुपये
गाळाची दोन चेंबर: ३०,००० रुपये
जुन्या बोअरची सफाई, चिरा पाडलेली नळी आणि जाळी: २६,००० रुपये
ओव्हरफ्लो, व्हॉल्व्ह आणि पाण्याचे मीटर: २०,००० रुपये

सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, यावर समितीचे एकमत आहे. तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे आणि आपल्या इमारतीला तिची गरज लवकरच पडेल. तेव्हा वर्गणी काढावी लागेल. प्रश्न आहे तो वाटणीचा. सरसकट भागले तर प्रत्येक सदनिकेला ३,७५० रुपये येतात. वन-बीएचकेवाल्यांना हे खटकते, आणि ते बरोबर आहे. क्षेत्रफळाने भागावे असेही काहींचे म्हणणे आहे. समिती तिसरी पद्धत सुचवते: नळांनुसार. आदर्श उपविधींत पाण्याचा खर्च सदनिकेतल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायला सांगितले आहे. आपल्याकडे नळ सगळे एकाच आकाराचे आहेत, आणि टँकरचे बिलही आपण त्यांच्या संख्येवरच वाटतो. या कामातून जी बचत होईल ती टँकरच्या बिलात होईल, म्हणजे ती नळांच्याच मापाने तुमच्याकडे परत येईल. ज्या मापाने फायदा वाटला जाणार, त्याच मापाने खर्च वाटला तर कुणाची तक्रार राहू नये.

वन-बीएचके २४ आहेत, प्रत्येकी ५ नळ. टू-बीएचके ४८ आहेत, प्रत्येकी ८ नळ. एकूण ५०४ नळ. नळामागे ५३६ रुपये धरले तर वन-बीएचकेला २,६८० आणि टू-बीएचकेला ४,२८८ रुपये येतात. मासिक बिलाबरोबर चार हप्त्यांत घेतले तर महिन्याला अनुक्रमे ६७० आणि १,०७२ रुपये. सदनिका बंद असली तरी वर्गणी द्यावी लागेल. भाडेकरूंकडून ती वसूल करू नये. ही मालमत्तेत घातलेली भर आहे, ती मालकाने करायची.

पैसे वसूल कधी होतील? चार लाखांतले निम्मे पाणी आपल्या चालू बोअरला मिळाले तर २ लाख लिटर, म्हणजे २० टँकर वाचतील. गेल्या उन्हाळ्यातल्या आपल्या सरासरी १,२०० रुपये दराने ते २४,००० रुपये होतात. साफसफाईचे ६,००० वजा केले की वर्षाला १८,००० रुपये राहतात. या वेगाने २,७०,००० रुपये फिटायला १५ वर्षे लागतील. पर्जन्यजल संधारण, सौरऊर्जा, गांडूळखत यांपैकी एखादा प्रकल्प चालू असेल तर पुणे महापालिका सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत देते; दोन असतील तर १० टक्के. ही सवलत पूर्ण मालमत्ता करावर नाही, त्यातल्या सर्वसाधारण कराच्या रकमेवर आहे, तेव्हा आपापले बिल उघडून ती रकम पाहा. ती ५,००० असेल तर वर्षाला २५० रुपये वाचतील. सगळ्यांचे सरासरी तेवढे धरले तर सोसायटी मिळून आणखी १८,००० रुपये, आणि वसुली साडेसात वर्षांवर येते. पण सवलत प्रकल्प चालू स्थितीत असेल तोवरच. म्हणून समितीने मुख्य हिशेबात ती धरलेली नाही.

काही सभासद म्हणतात, त्यापेक्षा थोडे कमी पैसे घालून नवी बोअर मारू, लगेच पाणी मिळेल. मिळेलही. पण नवी बोअर नवे पाणी आणत नाही. त्याच खडकातल्या त्याच भेगांतून ती ते लवकर उपसते. आपली जुनी बोअर अशीच आटली. चालू बोअर मार्चच्या मध्यावर दम सोडते, त्यात भर न घालता शेजारी आणखी एक मारली तर दोन्ही फेब्रुवारीत सोडतील. शोषखड्डे हे टँकरला उत्तर नाही, पण बोअरच्या उपशाला आपल्या आवारात तेवढेच एक उत्तर आहे. रोजच्या फ्लशला आणि बागेला लागणारे १०,००० लिटर त्याच बोअरमधून येते. दोन लाख लिटर म्हणजे त्या वापराचे वीस दिवस. बोअर मार्चच्या मध्याऐवजी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आटावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

खड्डे नीट बांधूनही दोन-तीन वर्षांत बंद पडतात, ते देखभालीअभावी. दरवर्षी मेमध्ये गच्ची झाडून घ्यायची, वाळूचा वरचा अर्धा फूट थर काढून धुऊन परत घालायचा, आणि जुलैत गाळाची चेंबर एकदा उपसायची. गच्चीवर कुंड्या किंवा वाळवण ठेवणाऱ्यांनी पाइपची तोंडे मोकळी ठेवायची. खड्डा बिघडला हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही: पाऊस थांबून एक दिवस उलटला तरी वाळूवर पाणी उभे दिसले, की वाळू गाळाने भरली असे समजायचे आणि त्याच आठवड्यात ती साफ करायची. पाणी उभे राहिले नाही तर डासांचीही भीती नाही.

आमचा अंदाज चुकला का, हे तुम्हाला दिसेल. खड्ड्यात किती पाणी गेले ते मीटर सांगेल. दर महिन्याच्या एक तारखेला चालू बोअरमधली पातळी दोरीने मोजून फलकावर लिहू, शेजारी त्या महिन्याचा पाऊस आणि टँकरची संख्या. दोन वर्षांचे पाऊस सारखे नसतात, म्हणून एका उन्हाळ्यावरून निकाल लावू नका. तीन वर्षांनंतर बोअर पूर्वीच्याच तारखेला आटत असेल तर आमचे निम्म्याचे गणित चुकले असे धरा आणि तसे सभेत विचारा.

सभेपुढे तीन ठराव वेगवेगळे मांडले जातील: कामाला मंजुरी, नळांनुसार वर्गणी, आणि देखभालीसाठी दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ६,००० रुपये. तिसरा ठराव नामंजूर झाला तर पहिले दोन आम्ही मागे घेऊ, कारण साफसफाईची तरतूद नसलेले खड्डे बांधणे म्हणजे गेटजवळच्या खड्ड्याला दोन भावंडे आणणे. काम तीन आठवड्यांचे आहे आणि पुण्यात पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, त्यामुळे निर्णय या सभेतच व्हायला हवा. टँकर बंद होतील या आशेने मत देणार असाल तर देऊ नका. बोअर तीन आठवडे जास्त टिकावी आणि तिच्यातून आपण जेवढे उपसतो त्यातले थोडे तरी परत जावे, एवढ्यासाठी नळामागे ५३६ रुपये पटत असतील, तर सभेला या आणि तीनही ठरावांना हात वर करा.

आपला,
सचिव,
व्यवस्थापन समितीच्या वतीने